आज ठिपका कुठला आहे?

पावसाळा सुरू झाला की रोज सकाळी आठ वाजता मी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक चित्र टाकते. आम्ही पुण्यात मुठेच्या काठी राहतो. वर खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणं आहेत. खडकवासल्यातून नदीत सोडलेलं पाणी वाढायला लागलं की आमच्या खालच्या पार्किंगची काळजी सुरू होते. चित्राच्या वरच्या भागात चार रेषांचा आलेख असतो, म्हणजे जूनपासून कुठलं धरण किती टक्के भरलं ते दिसतं. खाली एक मोठा ठिपका असायचा. हिरवा म्हणजे विसर्ग नाही, पिवळा म्हणजे विसर्ग सुरू झालाय, लक्ष ठेवा, आणि लाल म्हणजे गाड्या वर आणा.

तळमजल्यावर राहणारे एक काका हे चित्र आलं की दहा मिनिटांत मला फोन करायचे. "अगं, आज ठिपका कुठला आहे?" मला वाटायचं, त्यांच्या फोनवर फोटो उतरत नसेल. एकदा मी खाली जाऊन त्यांचा फोन हातात घेतला. चित्र अगदी स्वच्छ उतरलं होतं. मी म्हटलं, "काका, हिरवा आहे की." ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "तुला दिसतो हिरवा. मला हा आणि परवाचा लाल यांत फरक कळत नाही." वयाच्या विसाव्या वर्षी नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी त्यांच्यापुढे ठिपक्यांच्या चकत्यांचं पुस्तक धरलं होतं. त्यातले आकडे त्यांना वाचता आले नाहीत आणि ती नोकरी गेली. पुढे त्यांनी हे घरातही फारसं कुणाला सांगितलं नव्हतं.

ज्यांची गाडी सगळ्यांत आधी बुडेल, त्यांनाच माझा इशारा वाचता येत नव्हता. त्या दिवसापासून मी हे चित्र नव्याने शिकले, आणि जे शिकले तेच इथे सांगते आहे.

आपल्या डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या शंकूच्या आकाराच्या पेशी असतात. त्यांचे तीन प्रकार आहेत. एक प्रकार आखूड लहरींना म्हणजे निळ्याला जास्त प्रतिसाद देतो, दुसरा मधल्या लहरींना आणि तिसरा लांब लहरींना. मधल्या आणि लांब लहरींच्या पेशींना आपण सोयीसाठी हिरव्या आणि लाल पेशी म्हणतो, पण त्यांचे पट्टे एकमेकांवर बरेचसे चढलेले असतात. एकाचा कळस ५३० नॅनोमीटरच्या आसपास, तर दुसऱ्याचा ५६० च्या. लाल आणि हिरवा वेगळे दिसतात ते या दोन प्रतिसादांतल्या छोट्याशा तफावतीमुळे. या दोनांपैकी एक प्रकार नसला किंवा त्याचा पट्टा दुसऱ्याच्या दिशेने सरकलेला असला, तर ती तफावत मिटते. मग लाल, हिरवा, तपकिरी, नारिंगी, शेवाळी हे सगळे एकाच कुळातले दिसायला लागतात. त्यांच्यात फरक उरतो तो फिकट आणि गडद एवढाच. निळ्या पेशी मात्र शाबूत असतात, त्यामुळे निळं आणि पिवळं यांतला भेद स्पष्ट राहतो. रंगांधळेपणा म्हणजे जग काळं-पांढरं दिसणं असा समज आहे. तसे लोक आहेत, पण फारच थोडे. काकांना आकाश निळंच दिसतं आणि हळद पिवळीच.

लाल आणि हिरव्या पेशींची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. पुरुषाकडे एक्स एकच असतो, त्यात दोष असला की झाकायला दुसरा नाही. म्हणून हा प्रकार पुरुषांत खूप आणि बायकांत क्वचित आढळतो. युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण दर १२ पुरुषांमागे एक आणि दर २०० बायकांमागे एक असं प्रमाण आहे. आपल्याकडच्या पाहण्यांत पुरुषांचं प्रमाण याहून कमी आढळतं, पण शंभर-दीडशे पुरुषांच्या ग्रुपमध्ये असे दोन-चार जण निघावेत इतकं ते नक्की आहे. काकांचा तो एक्स त्यांच्या मुलीकडे गेलेला आहेच. तिला स्वतःला रंग नीट दिसतात, पण तिच्या प्रत्येक मुलाला हा दोष मिळण्याची शक्यता निम्मी. हे ऐकल्यावर काका म्हणाले, "नातू चित्रात झाडांची खोडं हिरवी रंगवतो, बाई त्याला रागावतात." मुलीने पुढच्याच आठवड्यात त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं.

या दोषाचा पहिला नीट अभ्यास ज्याने केला तो स्वतःच असा होता. अणुसिद्धांतामुळे प्रसिद्ध झालेला जॉन डाल्टन. १७९४ साली त्याने मँचेस्टरमध्ये आपल्या दृष्टीविषयी निबंध वाचला. आपल्या डोळ्यातला द्राव निळसर असावा आणि तो लाल प्रकाश शोषून घेत असावा, असा त्याचा तर्क होता. मृत्यूनंतर डोळे तपासा, असं त्याने सांगून ठेवलं. १८४४ मध्ये तो गेला, डोळा उघडला, तर द्राव पाण्यासारखा नितळ होता. त्या डोळ्याचा जपून ठेवलेला अंश १९९५ मध्ये जनुकीय तपासणीला गेला, तेव्हा त्याच्यात मधल्या लहरींच्या पेशींचं रंगद्रव्यच नव्हतं असं दिसलं. यालाच ड्यूटेरनोपिया म्हणतात. काकांचा दोष याच जातीचा. लांब लहरींच्या पेशी नसतील तर प्रोटॅनोपिया. त्या लोकांना लाल रंग नुसता वेगळा दिसत नाही, तो काळपट दिसतो. काळ्या पाटीवरची लाल अक्षरं त्यांच्यासाठी जवळजवळ विझलेली असतात.

आता माझ्या आलेखाकडे येते. रेषांना मी लाल, हिरवा, तपकिरी आणि नारिंगी असे चार रंग दिले होते. पाण्याच्या चित्रात निळा नको, चारही धरणं निळीच वाटतील, असा विचार मी केला होता. म्हणजे ज्या एका रंगाने काकांना मदत झाली असती तोच मी काढून टाकला होता. उजव्या कोपऱ्यात छोट्या चौकटीत रंगांची किल्ली होती. लाल चौकोन, पुढे वरसगाव. हिरवा चौकोन, पुढे पानशेत. ज्याला चारही चौकोन एकाच जातीचे दिसतात त्याला त्या किल्लीने काहीच उघडत नाही.

नुसत्या अंदाजाने रंग बदलू नयेत म्हणून मी आधी माझेच रंग काकांच्या डोळ्यांतून पाहिले. असं रूपांतर करून दाखवणारी साधनं फुकट मिळतात. कॉम्प्युटरवर `Color Oracle` आहे. क्रोम ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये `Rendering` या भागात `Emulate vision deficiencies` अशी यादी आहे. अँड्रॉइड फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये `Simulate color space` आहे. माझा लाल होता `#D62728` आणि हिरवा `#2CA02C`. ड्यूटेरनोपियाचं प्रचलित गणित लावलं की लालाचा साधारण `#7F7F13` होतो आणि हिरव्याचा `#8B8B32`. निरनिराळ्या साधनांत हे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण चित्र तेच राहतं. दोन्ही रंग ओल्या मेंदीसारखे दिसतात, एक जरा गडद आणि एक जरा उजळ. शेजारीशेजारी मोठे चौकोन ठेवले तर फरक कळेल. पण दोन मिलिमीटरच्या रेषा, त्याही एकमेकींना छेदून जाणाऱ्या, आणि वर फोनचा उन्हातला पडदा. मी स्वतः ते रूपांतर झालेलं चित्र पाहिलं आणि मला पानशेत सापडेना.

मग रंग निवडायला बसले. इथे सगळं नव्याने शोधत बसण्याची गरज नसते. मासाताका ओकाबे आणि केई इतो या दोन जपानी शास्त्रज्ञांनी आठ रंगांचा एक संच करून ठेवला आहे. दोघांना स्वतःलाच लाल-हिरव्याचा दोष आहे, त्यामुळे हे रंग त्यांनी आपल्या डोळ्यांनी पारखले आहेत. त्या संचात काळा, नारिंगी, आकाशी, निळसर हिरवा, पिवळा, निळा, शेंदरी आणि जांभळट गुलाबी हे रंग आहेत. संख्याशास्त्राची कामं करणाऱ्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये तो `Okabe-Ito` या नावाने तयार मिळतो. या संचात लालाच्या जागी शेंदरी का आहे ते पाहण्यासारखं आहे. शेंदरी लालापेक्षा उजळ असतो आणि पिवळ्याकडे झुकतो, म्हणून लाल पेशी नसलेल्यालाही तो काळा दिसत नाही. हिरव्याचंही तसंच. गवताचा हिरवा न घेता निळ्याकडे झुकलेला, मोरपिसाच्या जवळचा हिरवा घेतला आहे, कारण त्यातलं निळं शाबूत पेशींना पकडता येतं.

तरी हा संच डोळे मिटून वापरता येत नाही, आणि माझी पहिली चूक इथेच झाली. मी त्यातला नारिंगी उचलला आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर टेमघरची रेषा काढली. ती फिकी पडली, मलाच नीट दिसेना. वेबपानं सर्वांना वापरता यावीत म्हणून जगभर पाळले जाणारे डब्ल्यूसीएजी नावाचे निकष आहेत. आलेखातली रेषा किंवा चिन्ह आणि त्यामागची पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर निदान ३ तरी हवं, असं ते सांगतात. या संचातला नारिंगी `#E69F00` पांढऱ्यावर २.२५ च्या आसपास येतो, आकाशी `#56B4E9` सुमारे २.३ आणि पिवळा तर दीडच्याही खाली. हे रंग रुंद स्तंभ भरायला, गडद कडा देऊन, चांगले आहेत. बारीक रेषेला नाहीत. निळा `#0072B2` ५ च्या वर जातो, शेंदरी `#D55E00` पावणेचारच्या पुढे आणि हिरवा `#009E73` ३.४. म्हणून चार धरणांना मी काळा, निळा, शेंदरी आणि निळसर हिरवा दिले. पाचवी रेषा लागली असती तर मी जांभळट गुलाबी घेतला असता, पण जरा बिचकत. ड्यूटेरनोपियात तो आणि हिरवा दोन्ही राखाडीकडे सरकतात, आणि रेषा बारीक असली की जवळजवळ येतात. चार-पाचाच्या पुढे नुसत्या रंगाने रेषा ओळखायला लावू नयेत. तेवढं तर नीट दिसणाऱ्यांनाही जड जातं.

रूपांतरातून पाहिलं तेव्हा निळा निळाच राहिला, शेंदरी मेंदीसारखा झाला, हिरवा करडा झाला आणि काळा काळा. चारही वेगळे. एवढ्यावर थांबले असते तरी चित्र आधीपेक्षा चांगलं झालं असतं. पण आमच्या सूचनाफलकावर हेच चित्र झेरॉक्स काढून लावतात, आणि झेरॉक्समध्ये शेंदरी आणि हिरवा यांचा करडा जवळपास सारखाच निघाला. दोघांचा उजळपणा एकमेकांच्या जवळ आहे, त्यामुळे असं होणारच होतं. ज्याला रंगांची अडचण आहे त्याच्यासाठी केलेला संच काळ्या-पांढऱ्या कागदावर टिकतोच असं नाही, हे मला तेव्हा कळलं. तिथून पुढचं काम आकारांनी करायचं होतं.

रेषांचा पोत मी वेगवेगळा केला. खडकवासल्याला सलग जाड रेषा, पानशेतला सलग बारीक, वरसगावला लांब तुकड्यांची तुटक आणि टेमघरला ठिपक्यांची. यात एक खोड आहे. रेषा जिथे एकदम वर चढते, तिथे तुटक आणि ठिपक्यांची यांतला फरक पुसला जातो. आपली धरणं जुलैत चढतात ती अशीच, आठवड्याभरात उभी. म्हणून रेषेवर दर सोमवारी एक खूण टाकली. वरसगावला त्रिकोण, टेमघरला पोकळ वर्तुळ. रोज टाकली असती तर खुणांचीच माळ झाली असती आणि रेषा दिसली नसती.

आणि सगळ्यांत जास्त उपयोग झाला तो एका साध्या गोष्टीचा. कोपऱ्यातली किल्ली काढून टाकली आणि प्रत्येक रेषेच्या उजव्या टोकाला धरणाचं नाव आणि आजचा टक्का लिहिला. आता रंग जुळवत बसायचं कामच उरलं नाही. नजर रेषेवरून सरकत गेली की नावावर जाऊन थांबते. मला खरं तर आधी हेच करायला हवं होतं आणि रंगांचा विचार नंतर. नाव शेजारी लिहिता येत असेल तिथे किल्लीची चौकट ठेवू नये, असं माझं आता पक्कं मत झालं आहे. ग्रुपवर चित्राखाली मी चार ओळी लिहिते, त्यांतलीही भाषा बदलली. पूर्वी लिहायचे, "लाल रेषा बघा, कशी वर गेली." आता लिहिते, "वरसगावची तुटक रेषा बघा."

स्तंभालेखात हेच काम भरावाच्या नक्षीने होतं. तिरक्या रेघा, ठिपके, कोरा. दर महिन्याला चार धरणांतल्या साठ्याचा एक स्तंभालेख मी करते. त्यात आकडे टीएमसीत असतात. चारही धरणं पूर्ण भरली की २९.१५ टीएमसी होतात. त्यांत वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५, टेमघर ३.७१ आणि खडकवासला फक्त १.९७. सुरुवातीला मी चारांना चार नक्षी दिल्या. उजव्या तिरक्या आणि डाव्या तिरक्या रेघा शेजारी आल्या आणि डोळ्यांपुढे लहरी हलायला लागल्या. नक्षी दाट असली आणि शेजारच्या स्तंभातही दाट असली की असं होतं. मग दोन स्तंभ सपाट ठेवले, एक गडद आणि एक फिकट. उरलेल्या दोहोंपैकी एकाला विरळ तिरक्या रेघा आणि एकाला विरळ ठिपके. प्रत्येक स्तंभाला गडद कड आणि मध्ये पांढरी फट. खडकवासल्याचा स्तंभ इतका बुटका असतो की त्यात नक्षी मावत नाही, म्हणून सपाट गडद भराव त्याला दिला.

नकाशाचा प्रश्न वेगळा असतो. २०२० च्या टाळेबंदीत जिल्ह्यांचे लाल, नारिंगी आणि हिरवे झोन आपण सगळ्यांनी रोज पाहिले. पायरीपायरीने वाढणारी गोष्ट दाखवायची असेल तर असे तीन रंग घेण्यापेक्षा एकाच रंगाची फिकट ते गडद अशी उतरंड घ्यावी. ती रंगांधांनाही चालते आणि झेरॉक्सलाही. अमेरिकेतल्या नकाशाशास्त्रज्ञ सिंथिया ब्रूअर यांच्या `ColorBrewer` या संकेतस्थळावर अशा उतरंडी तयार आहेत, आणि तिथे `colorblind safe` अशी खूण केली की न चालणारे संच यादीतून गळून जातात.

पण माझा खरा पेच खालच्या ठिपक्याचा होता. आलेखात लाल-हिरवा सोडून देता येतात. इशाऱ्यात कसे सोडणार? लाल म्हणजे धोका आणि हिरवा म्हणजे ठीक, हे सिग्नलपासून सगळ्यांच्या अंगात मुरलेलं आहे. मी निळा आणि शेंदरी ठिपका टाकला असता तर काकांना कळलं असतं, पण उरलेल्या सोसायटीला निळ्याचा अर्थ दर वेळी आठवावा लागला असता, आणि पहाटे चार वाजता कुणी काही आठवत नाही. म्हणून लाल-हिरवा ठेवायचे, पण अर्थ त्यांच्या एकट्यांवर सोडायचा नाही, असं ठरवलं.

चौकातल्या सिग्नलला काका कधी अडले नाहीत, कारण तिथे लाल वर आणि हिरवा खाली असतो. ते जागा बघतात. माझ्या चित्रात ठिपका एकच होता आणि कायम एकाच जागी. जागेची मदतही मी काढून घेतली होती. कॅनडात क्वेबेकसारख्या काही प्रांतांत सिग्नलच्या दिव्यांना आकारही दिलेले आहेत. लाल चौकोनी, पिवळा पत्त्यांतल्या चौकटसारखा आणि हिरवा गोल. आपल्याकडचं उदाहरण तर प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात आहे. बिस्किटाच्या पुड्यावर शाकाहारासाठी हिरव्या चौकटीत हिरवा गोल असतो आणि मांसाहारासाठी तपकिरी चौकटीत तपकिरी गोल असायचा. हिरवा आणि तपकिरी! लाल-हिरव्याचा दोष असलेल्याला याहून अवघड जोडी शोधूनही सापडली नसती. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलांविषयीच्या नियमांत मांसाहाराच्या चिन्हातला गोल जाऊन त्रिकोण आला. रंग तोच राहिला, फक्त आकार बदलला. काकांना मी दोन पुडे दाखवले. एक जुनं चिन्ह असलेला, एक नवं. ते म्हणाले, "मी आजवर मागचं बारीक अक्षर वाचून घेत होतो."

मीही तसंच करायला गेले. हिरव्या गोलात बरोबरची खूण, पिवळ्या गोलात उद्गारचिन्ह, लाल गोलात फुली. माझ्या लॅपटॉपवर ते सुरेख दिसलं. काकांच्या फोनवर ग्रुपच्या यादीत चित्र बोटभर झालं तेव्हा तिन्ही खुणांचे पांढरे फराटे झाले, आणि पुन्हा तीन गोलच उरले. आतली खूण बारीक झाली की पहिल्यांदा हरवते. बाहेरचा आकार सगळ्यांत शेवटी हरवतो. म्हणून बाहेरची रेषाच बदलली. ठीक असेल तेव्हा गोल, लक्ष ठेवायचं तेव्हा टोक वर केलेला त्रिकोण आणि गाड्या हलवायच्या तेव्हा आठ कोनांची पाटी. आठ कोन लहान झाले की गोलासारखे दिसायला लागतात, हे दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. मग ती पाटी गोलापेक्षा दीडपट मोठी केली आणि गोल आतून पोकळ ठेवला, नुसतं कडं. भरीव आणि पोकळ यांतला फरक खूप लांबून कळतो. त्रिकोणाचा पिवळा पांढऱ्यावर फिका पडतो, म्हणून त्याला काळी जाड कड दिली. आणि प्रत्येक चिन्हाशेजारी, चिन्हाइतक्याच उंचीच्या अक्षरांत, शब्द लिहिले: "विसर्ग नाही", "विसर्ग सुरू", "गाड्या वर आणा".

घाईच्या वेळी मी चित्र करत नाही, नुसता संदेश टाकते. तिथेही पूर्वी 🟢 🟡 🔴 वापरायचे. तिन्ही गोलच. आता ✅ ⚠️ 🛑 वापरते. ऑफिसात एक्सेलवर काम करणाऱ्यांना हाच बदल एका क्लिकवर करता येतो. `Conditional Formatting` मधल्या `Icon Sets` मध्ये `3 Traffic Lights` ऐवजी `3 Signs` निवडलं की हिरवा गोल, पिवळा त्रिकोण आणि लाल चौकट येते.

चार्जरच्या त्या इवल्याशा दिव्याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. चार्ज होताना लाल, झालं की हिरवा, आणि दिवा एकच. तो बनवणाऱ्याने चार्ज होताना दिवा लुकलुकता ठेवला आणि भरल्यावर स्थिर, तर प्रश्न सुटतो. काकांच्या ट्रिमरचा दिवा तसा नाही. ते अंदाजाने दोन तास लावतात.

तपासण्याबद्दल एक गोष्ट मी चुकून शिकले. पहिल्या नव्या चित्राच्या वेळी मी काकांना विचारलं, "ही रेषा कुठल्या रंगाची दिसते?" त्यांचा चेहरा उतरला. ठिपक्यांच्या पुस्तकापासून आयुष्यभर त्यांना लोक हेच विचारत आले आहेत. टोमॅटो दाखवून विचारतात, शर्ट दाखवून विचारतात. त्यांना आता रंगांची नावं वस्तूंवरून पाठ झाली आहेत, त्यामुळे त्यांचं उत्तर बरोबर आलं तरी माझ्या चित्राविषयी त्यातून काहीच कळत नाही. मी प्रश्न बदलला. "आज सगळ्यांत कमी भरलेलं धरण कुठलं? आज गाडी हलवायची का?" चित्र त्यांच्या हातात दिल्यापासून उत्तर येईपर्यंत किती वेळ लागतो ते पाहिलं. जुन्या चित्रावर ते अडखळत होते, किल्लीवरून रेषेवर आणि रेषेवरून किल्लीवर जात होते. नव्यावर लगेच म्हणाले, "टेमघर. आणि नाही, गोल पोकळ आहे." रूपांतर करणारी साधनं बहुतेक वेळा पूर्ण दोषाचं चित्र दाखवतात. प्रत्यक्षात सौम्य दोष असलेलेच जास्त असतात, आणि सवयीने काय पकडायचं हे डोळ्याने काय ठरवलं आहे ते कुठल्याच साधनाला माहीत नसतं. म्हणून मी आधी साधनातून पाहते, मग झेरॉक्स काढते आणि शेवटी काकांना विचारते.

आता सकाळचा तो फोन येत नाही. परवा मात्र आला. पानशेत आणि वरसगाव दोन्ही ९६ टक्क्यांच्या आसपास होती, त्यामुळे रेषांची टोकं एकावर एक आली आणि दोन नावं एकमेकांवर छापली गेली होती. "अगं, पानशेतच्या पोटात वरसगाव शिरलंय," काका म्हणाले. मी दोन्ही नावं वर-खाली सरकवली, प्रत्येकापासून आपापल्या रेषेपर्यंत एक बारीक काळी रेघ ओढली आणि साडेआठला चित्र पुन्हा टाकलं.